इसार किती लिहू?

माझ्या मामाचं जिंतूरला बँड पथक होतं. अकरा माणसं, दोन ढोल, ताशे, तीन-चार पितळी वाद्यं आणि कर्णे लावलेली एक ढकलगाडी. तुळशीचं लग्न झालं की ओसरीवर माणसं यायला लागत. पाणी व्हायचं, चहा व्हायचा, कुणाच्या पोरीचं कुठं जमलं ते व्हायचं. मग मामा खुंटीवरची पिशवी काढायचा, तिच्यातून लाल पुठ्ठ्याची वही काढायचा आणि विचारायचा, "तारीख?" पाहुणा तारीख सांगायचा. मामा पान उलटून ती तारीख मोकळी आहे का बघायचा, गाव लिहायचा, नवरदेवाचं नाव लिहायचा. मग मान वर न करता, पेन कागदावरच ठेवून म्हणायचा, "इसार किती लिहू?"

पाहुण्याचा हात बंडीच्या खिशात जायचा. कधी 501, कधी 1,100. मामा आकडा लिहायचा, पाहुणा सुपारी खायचा, निघायचा. "आमच्यावर विश्वास नाही का?" असं विचारलेलं मी एकदाही ऐकलं नाही.

हे सगळं डोळ्यांदेखत घडलेलं असूनही, स्वतःचा धंदा सुरू केल्यावर पहिली सहा वर्षं मला ॲडव्हान्स मागता आला नाही. मी परभणीला घरून डिझाइनचं काम करते. पिशव्या, खोके, पत्रकं, पुस्तिका. नोकरी नाही, ऑफिस नाही. मुलाच्या अभ्यासाच्या टेबलाचा अर्धा भाग माझा. नव्या माणसाचा फोन आला की काम कसं करीन, किती दिवसांत करीन, किती घेईन हे मी घडाघडा सांगायचे आणि "आधी थोडे द्यावे लागतील" या वाक्यापाशी आले की घशात काहीतरी अडकायचं.

मग व्हायचं ते झालं. एका क्लासचं 64 पानी माहितीपत्रक होतं. दीड महिना काम, सतरा वेळा बदल, आणि 31,000 रुपये बुडाले. ते कसे बुडाले यात सांगण्यासारखं काही नाही, सगळ्यांचे बुडतात तसेच बुडाले. आधी "सर मीटिंगमध्ये आहेत", मग "पुढच्या आठवड्यात", मग फोनच उचलेनात. त्या पैशांपेक्षा जास्त नुकसान त्यानंतर माझ्या बोलण्याचं झालं.

त्यानंतर आलेल्या पहिल्या नव्या क्लायंटला मी पाठवलेला मेसेज अजून माझ्याकडे आहे. तो असा होता:

"सर, राग मानू नका, पण मला आधी 50 टक्के ॲडव्हान्स लागेल. माझा तुमच्यावर विश्वास नाही असं अजिबात नाही. पण मागे एका ठिकाणी माझे पैसे बुडाले, त्यामुळे आता मी हा नियम केला आहे. कृपया समजून घ्यावे."

उत्तर आलं: "ताई, विश्वास नसेल तर राहू द्या."

मला रडू आलं, कारण मी तर अजिबात तसं नाही असं लिहिलं होतं! त्या मेसेजमध्ये काय चुकलं हे मला कळायला वर्ष लागलं. विश्वास हा शब्द त्या माणसाच्या डोक्यात नव्हता, तो मी नेऊन ठेवला. बुडवणाऱ्याची गोष्ट सांगून मी या अनोळखी, भल्या माणसाला त्या बुडवणाऱ्याच्या पंक्तीला बसवलं. "राग मानू नका" म्हणून राग मानण्यासारखं काहीतरी येतंय अशी दवंडीही पिटली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे माझ्या जुन्या नुकसानाची भरपाई त्यानं करावी असं मी सुचवत होते. त्यानं का करावी?

आता मराठीचीच एक गंमत सांगते, कारण माझा बराचसा प्रश्न क्रियापदात होता. "ॲडव्हान्स लागेल" आणि "ॲडव्हान्स लागतो" यांत जेमतेम दोन अक्षरांचा फरक आहे. "लागेल" म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, माझ्याकडे बघून हिनं हे आत्ता ठरवलं. "लागतो" म्हटलं की ती रीत होते, पाऊस जूनमध्ये लागतो तशी. त्याहून बरं "सुरुवातीला चाळीस टक्के घेते." घेते, देते, करते. यात समोरच्या माणसाबद्दल काहीच म्हटलेलं नसतं. "मला पाहिजेत" मात्र कधीच नाही. "पाहिजेत" म्हटलं की ती माझी गरज होते, आणि गरजेची भाषा आली की पैशाची जातच बदलते.

जात बदलते म्हणजे काय, तेही मामाच्या ओसरीवरच दिसायचं. मामाच्या वहीत पुढून इसार लिहिलेला असायचा आणि मागच्या पानांवर उचल. इसार लग्नघरचे मामाला द्यायचे. उचल मामा वाजवणाऱ्यांना द्यायचा, हंगामाच्या आधी, पावसाळ्यात, जेव्हा त्यांच्या घरात काही नसायचं. दोन्ही आगाऊ पैसेच. पण इसार घेणारा मामा खुर्चीवर बसलेला असायचा आणि उचल घेणारा वाजंत्री ओसरीच्या पायरीवर. आपल्याकडे उचल काय असते हे बीडच्या ऊसतोडीच्या कुटुंबांना विचारावं. मुकादम पावसाळ्यातच एका कोयत्याला, म्हणजे नवराबायकोच्या जोडीला, रक्कम देतो आणि ती फिटेपर्यंत जोडी त्याची. इसारानं तारीख बांधली जाते, उचलीनं माणूस.

"सर, थोडी अडचण आहे, आधी काही दिलं तर बरं होईल," असं मी कितीतरी वेळा म्हटलं आहे. म्हणजे इसार मागायच्या जागी मी उचल मागत होते. आणि पैसे मिळालेच तर पुढं वागणूकही उचलीवाल्याचीच मिळायची. रात्री अकराला फोन, "एवढं जरा करून टाका", "आम्ही तुम्हाला आधीच दिलेत ना". चूक त्यांचीही होती म्हणा, पण शब्द माझा होता.

मामा तारीख आधी का विचारायचा हे मला तेव्हा कळलं. तिथीला एकच लग्न वाजवता येतं. सात मेची तारीख एकाला दिली की दुसऱ्याला नाही म्हणावं लागतं, आणि पहिल्यानं ऐनवेळी मोडलं तर ती तिथी परत येत नाही. इसार हा त्या मोकळ्या पानाचा दाम होता, वाजवण्याचा नंतर. म्हणून त्यात कुणावर विश्वास असण्या-नसण्याचा प्रश्नच यायचा नाही. सख्खा साडू आला तरी मामा विचारायचा, "इसार किती लिहू?"

माझीही विकायची वस्तू तीच आहे, मोकळे दिवस. डिझाइन नंतर येतं.

हे सगळं उमगल्यावर नीट जमलेलं पहिलं काम जालन्याच्या एका बियाणे कंपनीचं होतं. जालना म्हणजे बियाण्यांचं गाव, तिथं लहानमोठ्या कितीतरी कंपन्या आहेत, त्यातली ही एक मध्यम. मालकांना खरिपासाठी चार पिशव्या नव्यानं करायच्या होत्या, सोयाबीन, तूर, मूग आणि उडीद, शिवाय दुकानदारांसाठी एक पत्रक. जानेवारीच्या शेवटी मी रेल्वेनं गेले. सेलू, परतूर करत जालना येईपर्यंत मी वहीत एकच हिशेब मांडत होते: किती टक्के मागायचे?

पूर्वी मी 50 टक्के म्हणायचे, कारण सगळे म्हणतात. या वेळी कामाचे दिवस मोजले. एकूण 24 दिवस. पहिले 10 दिवस जुन्या पिशव्या बघणं, दुकानात जाऊन त्या रचलेल्या कशा दिसतात ते बघणं, छायाचित्रं विकत घेणं आणि सोयाबीनच्या मुख्य पिशवीच्या दोन कल्पना करून दाखवणं यात जाणार. ती एक पिशवी मंजूर झाली की बाकीच्या तिघी आणि पत्रक तिच्या वळणावर, आणखी 11 दिवस. शेवटचे 3 दिवस दुरुस्त्या आणि छपाईच्या फाइली. कामाचे मी 64,000 सांगणार होते. पहिल्या टप्प्यात सुमारे चाळीस टक्के दिवस जात होते, म्हणून ॲडव्हान्स चाळीस टक्के, 25,600. मुख्य पिशवी मंजूर झाली की तेवढेच पुन्हा. आणि शेवटी 12,800.

अशा मांडणीत फायदा हा की कुठल्याही दिवशी दोघांपैकी कुणाचंही फार अडकून पडत नाही. ॲडव्हान्स म्हणजे पुढचा हप्ता येईपर्यंत मी जेवढं काम करणार तेवढ्याचे पैसे, त्याहून जास्त मागायला मला तोंड नाही. सत्तर टक्के आधी घेऊन बसले तर धोका सगळा त्यांच्याकडे जातो, आणि आपल्याकडे ॲडव्हान्स घेऊन गायब झालेले डिझाइनर, वेबसाइटवाले आणि फर्निचरवाले काही कमी नाहीत. नवा क्लायंट कचरतो तो माझा अपमान करायला नव्हे, त्यालाही कुणीतरी 31,000 ला बुडवलेलं असतं. त्याच्या बाजूनं विचार केला तर त्याला एकच जाणून घ्यायचं असतं: पैसे दिल्यावर मला पहिलं काही कधी दिसेल? त्याचं उत्तर माझ्याकडे होतं. दहाव्या दिवशी, दोन कल्पना.

भेट चांगली झाली. पण तिथं समोरासमोर मी पैशाचं बोलले नाही. पूर्वी असं व्हायचं की तासभर गप्पा, सगळं तोंडी ठरलं, हातात हात दिला, आणि मग जाताजाता मी दारात वळून म्हणायचे, "आणि सर, ते ॲडव्हान्सचं..." शेवटी काढलेला विषय हा नेहमी माणूस बघून सुचलेला वाटतो. म्हणून आता तो पहिल्याच कोटेशनमध्ये असतो, दर आणि दिवस यांच्या बरोबरीनं, त्याच अक्षरात, ठळक न करता. परभणीला परत आल्यावर त्याच रात्री मी कोटेशन पाठवलं. त्यातला तो भाग असा:

"काम 9 फेब्रुवारीला सुरू करते. मुख्य पिशवीच्या दोन कल्पना दहा कामाच्या दिवसांत दाखवते. सुरुवातीला 40 टक्के (25,600 रुपये) घेते, रक्कम जमा झाली की 9 तारीख तुमच्यासाठी धरून ठेवते. मुख्य पिशवी मंजूर झाल्यावर 40 टक्के, शेवटच्या फाइलींबरोबर 20 टक्के. माझ्याकडून दहा दिवसांत कल्पना आल्या नाहीत तर ॲडव्हान्स पूर्ण परत. तुम्ही मध्येच काम थांबवलं तर तोवर झालेल्या दिवसांचे पैसे धरून उरलेली रक्कम परत."

शेवटच्या दोन वाक्यांवर मी फार घुटमळले. सुरू व्हायच्या आधीच मोडण्याची भाषा कशाला? वकिली करणारी माझी एक मैत्रीण म्हणते, लोक "ॲडव्हान्स परत मिळणार नाही" असं ठोकून देतात, पण 1872 चा करार कायदा त्यावर डोळे मिटून शिक्का मारत नाही. भांडण तिथवर गेलंच तर नुकसान खरंच किती झालं आणि मागितलेली भरपाई वाजवी आहे का, हे बघितलं जातं. म्हणून जे वाजवी आहे तेच आधी लिहावं. पण माझं मन वळवलं ते बियाण्याच्या पिशवीनं. टेबलावर त्यांची जुनी पिशवी होती. सोयाबीनच्या लेबलवर उगवणशक्ती लिहिलेली असते, किमान 70 टक्के. म्हणजे शंभर दाणे टाकले तर तीसपर्यंत उगवणारही नाहीत, हे कंपनी स्वतःच छापून देते. शेतकरी ते वाचतो आणि एक कोंब दिसायच्या आधी पूर्ण पैसे मोजतो. 70 चा आकडा वाचून तो दुकानातून रागानं निघून जात नाही. उलट आकडाच नसेल तर पिशवी परत ठेवतो.

दुसऱ्या दिवशी मालकांचा फोन आला. आवाज मोकळा होता, पण मुद्दा तोच.

"मॅडम, बाकी सगळं बरं हाय. पण आमच्यात ॲडव्हान्स द्यायची पद्धत नाही. काम झालं की लगेच देतो. आम्ही काय पळून चाललोत का?"

हे "पळून चाललोत का" मी इतक्यांदा ऐकलंय की ते मराठवाड्याच्या नमस्कारासारखं आहे. त्यात दुखावलेपण असेलच असं नाही, बहुतेक वेळा ती नुसती चाचपणी असते. यावर माझं जुनं उत्तर ठरलेलं होतं, "नाही नाही सर, तसं नाही, विश्वास आहे हो." म्हणजे विश्वास हा विषय त्यांनी थट्टेत काढायचा आणि मी तो गंभीरपणे मांडीवर घेऊन बसायचं. या वेळी तोंडातून निघालं, "तुम्ही कुठं पळता सर, मृग पळतो."

ते हसले. उत्तर तयार केलेलं नव्हतं, समोर कॅलेंडर होतं म्हणून सुचलं. मग मी तारखा वाचून दाखवल्या. मृग लागायच्या आत पिशव्या दुकानात, म्हणजे मेच्या मध्यापर्यंत. त्याआधी माल भरायचा. त्याआधी छपाई, आणि छपाईला प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरावा लागतो, तो कोरल्यावर एक अक्षर बदलायचं तरी नवा खर्च. म्हणजे मार्चच्या मध्याला फाइली छापखान्यात हव्यात. म्हणजे 9 फेब्रुवारी. "नऊ तारीख तुम्हाला दिली की फेब्रुवारीत मी दुसरं काम घेत नाही, सर. पंचवीस हजार सहाशे त्यासाठी घेते."

आणि गप्प बसले. हे लिहायला सोपं आहे. आकडा सांगितल्यानंतरची शांतता मला पूर्वी सोसायची नाही, मी लगेच "किंवा मग तुम्हाला जमेल तसं" म्हणून स्वतःचाच भाव पाडायचे. मामा वहीत मान खाली घालून बसायचा ते यासाठीच असणार. समोरच्याला खिशात हात घालायला अवकाश मिळतो आणि आपलं तोंड त्याला दिसत नाही. फोनवर मी कॅलेंडरकडे बघत राहिले.

पलीकडून आवाज आला, "म्हणजे आमच्या बुकिंगसारखंच म्हणा की." खरिपाच्या आधी दुकानदारांकडून बुकिंगचे पैसे घेतात, जो आधी भरतो त्याचा माल आधी निघतो. हे मला माहीत होतं, पण मी काढलं नव्हतं. मी काढलं असतं तर "तुम्ही घेता तर आम्हाला का देत नाही" असा टोमणा झाला असता. ते त्यांनाच आठवलं हे बरं झालं.

म्हणाले, "अकाउंटंटशी बोला."

आणि इथं मला जे कळलं ते आधीच्या सहा वर्षांत कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. अकाउंटंट साहेब कसलेही दुखावलेले वगैरे नव्हते. त्यांचा प्रश्न सरळ होता, "टाकतो की, पण कशावर टाकू? बिल न्हाई, काई न्हाई." काम झालेलं नाही म्हणून बिल नाही, बिल नाही म्हणून वहीत नोंद नाही, नोंद नाही म्हणून पैसे नाहीत. "आमच्यात पद्धत नाही" याचा अर्थ कित्येकदा एवढाच असतो: आमच्या अकाउंटंटला लावायला कागद नाही. मी त्याला मनातल्या मनात अविश्वास समजत आले होते.

कागद अर्ध्या तासात झाला. प्रोफॉर्मा बिल. त्यात माझं नाव, पत्ता, पॅन, कामाचं वर्णन, एकूण रक्कम 64,000, आत्ता मागत असलेली 25,600, बँकेचा तपशील, रद्द केलेला धनादेश जोडलेला. माझी वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत, जीएसटी नोंदणी नाही, म्हणून "जीएसटी लागू नाही" ही ओळ, नाहीतर त्यावरून आणखी दोन फोन होतात. आणि उद्यम नोंदणीचा क्रमांक. ही नोंदणी फुकट आहे आणि घरबसल्या होते. तिचा उपयोग ॲडव्हान्ससाठी नाही, नंतरच्या हप्त्यांसाठी. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या 2006 च्या कायद्यानं अशी नोंदणी असलेल्या लहान उद्योगाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावं लागतं, लांबलं तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. बारा-पंधरा हजारांसाठी कुणी त्या वाटेला जात नाही, मीही जाणार नाही. पण तो क्रमांक दिसला की अकाउंटंट बिल जरा वरच्या ढिगात ठेवतात असा माझा अनुभव आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी मोबाइल वाजला. जमा 23,040. मला घाम फुटला, कमी का? दहा टक्के टीडीएस. वर्षाची रक्कम 50,000 च्या वर जाणार म्हणून त्यांनी पहिल्याच हप्त्यापासून कापला होता, 2,560. ॲडव्हान्सवरही कापतात हे तोवर मला ठाऊक नव्हतं. ते पैसे माझ्या पॅनवर जमा होतात, विवरणपत्र भरताना मिळतात, पण खर्चाला 23,040 च हाताशी असतात, हे ॲडव्हान्सचा आकडा ठरवतानाच धरायला हवं. लगेच पोचपावती पाठवली: "23,040 मिळाले, टीडीएस 2,560, एकूण 25,600 जमा धरले. 9 तारीख पक्की." मामा वहीत पाहुण्याला दाखवून लिहायचा, तेच.

सगळीकडे असं होत नाही. याच वर्षी एकांना हेच सगळं, याच शब्दांत, लिहिलं आणि त्यांनी ठाम सांगितलं, आधी दमडी नाही. अशा वेळी मी काम लहान करते. सगळं 64,000 चं ताट न मांडता एकच पिशवी, वेगळं लहान काम म्हणून, त्याच्या अर्ध्या ॲडव्हान्सवर. आठेक हजार देताना माणूस तेवढा विचार करत नाही आणि त्या आठ-दहा दिवसांत दोघांना एकमेकांची रीत कळते. तेही नको असेल तर मी निरोप घेते. आकड्यावर घासाघीस करणारा मला आवडतो, चाळीसचे तीस करा म्हणणारा देणार असतो म्हणूनच म्हणतो. भीती वाटते ती "पुढं लई काम आहे आमच्याकडं" म्हणणाऱ्याची. पुढचं काम दाखवून जो आजचे पैसे मागं ढकलतो त्याच्याकडे आजचेही नसतात, असं मला तीनदा दिसलंय. चौथ्यांदा कदाचित मी चुकीची ठरेन.

जालन्याचं काम दहाव्या दिवशी दाखवलं, दोनपैकी दुसरी कल्पना घेतली, दुसरा हप्ता चार दिवसांत आला. मार्चच्या मध्याला छापखान्यातून फोन, सिलिंडरला फाइली आजच्या आज द्या, मशीनचा नंबर लागलाय. कोटेशनमध्ये "शेवटच्या फाइलींबरोबर 20 टक्के" लिहिलेलं होतं. मी फाइली पाठवल्या आणि बिलही पाठवलं. "बरोबर" म्हणजे आधी की नंतर, हे माझ्या त्या नीटनेटक्या कागदात नव्हतंच.

मेमध्ये परभणीच्या मोंढ्यात एका कृषी केंद्राच्या दारात माझ्या पिशव्यांची थप्पी दिसली. हिरवा रंग उन्हात मी धरला होता त्याहून जरा फिका वाटत होता. 12,800 तोवर आलेले नव्हते. ते आले, पण महिन्याच्या शेवटी, हंगामाची वसुली सुरू झाल्यावर.

मामाला फोनवर हे सगळं सांगितलं. पथक बंद होऊन बरीच वर्षं झाली, वही मात्र त्यानं अजून ठेवलीय. ॲडव्हान्सची गोष्ट त्यानं "हं, हं" करत ऐकून घेतली, त्यात त्याला नवल काहीच नव्हतं. शेवटचे पैसे राहिल्याचं सांगितलं तेव्हा मात्र तो थांबला.

"आन तू फायली दिऊन टाकल्या?"

"घाई होती ना मामा, मशीनला नंबर लागला होता."

"नवरदेव घोड्यावरून उतरायच्या आत घ्यायचे असतेत ते," मामा म्हणाला. "एकदा मांडवात गेला की बँडवाल्याकडं कोण बघतंय."

पुढच्या कोटेशनमध्ये मी "फाइलींबरोबर" खोडून "फाइली देण्याआधी" केलं. मामाला विचारलं, लोकांना वाईट नाही का वाटायचं, वरात अर्ध्यात थांबवून पैसे मागितले तर? तो म्हणाला, थांबवायची कशाला, वाजवता वाजवता मागायचे.